दव गळून जातं

मी आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात सोपं वाक्य एका कमेंटमध्ये होतं. आता ते तिथे नाही, मी पुसलं. पुसून काही उपयोग झाला नाही. का झाला नाही, ते सांगायलाच हे लिहायला बसलोय.

मी पूर्वी एका वर्तमानपत्राचा पालघरचा वार्ताहर होतो. ते बंद पडलं तेव्हा घरी बसून माश्या मारण्यापेक्षा मोबाइलवर एक पेज सुरू केलं. वीज कधी जाणार, पाम गावचा रस्ता कुठे खणलाय, शनिवार-रविवारी केळव्याला मुंबईच्या गाड्या किती वाजेपर्यंत अडकून पडतात, असल्या बातम्या. पेज चाललं ते एकाच कारणाने. सरकारी कागदावर जे ‘नागरिकांनी नोंद घ्यावी’ असं येतं, ते मी ‘उद्या पाणी येणार नाही, आजच भरून ठेवा’ असं लिहायचो. जड शब्द दिसला की माझं डोकं फिरतं. तो शब्द ज्याने लिहिला त्याला स्वतःला विषय कळलेला नसतो, असं माझं ठाम मत होतं. अजूनही आहे. फक्त आता त्या मताचा अभिमान वाटत नाही.

मी राहतो ते पालघरजवळच्या माहीमला, मुंबईच्या नव्हे; तिथे आमच्या शेजारी एक कोळी कुटुंब राहतं. नवऱ्याची बोट, बायको बोंबील सुकवते. त्यांची मुलगी बोईसरजवळच्या कॉलेजातून इंजिनीअर झाली आणि तारापूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागली. तिला मी कडेवर घेऊन फिरवलेलं. मला ती काका म्हणते.

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला एके दिवशी ती दुपारी घरी आली आणि एक कागद माझ्यापुढे धरला. तिला पेटंट मिळालं होतं. कॉलेजात असताना अर्ज केला होता, त्याला वर्षं लोटली होती, आणि आता प्रमाणपत्र आलं होतं. सोबत कॉलेजने काढलेलं पत्रक होतं. त्यात ‘पर्जन्यसंवेदी स्वयंचलित आच्छादन प्रणाली’ असं काहीतरी होतं. मी वाचलं आणि विचारलं, “बाय, हे नक्की काय करतं?”

ती हसली. “काका, म्हणूनच तर तुमच्याकडे आले. आमच्या गल्लीत कोणालाच कळलं नाय. आईला वाटतंय मला बक्षीस लागलं.”

काय करतं ते सांगतो. बोंबील सुकवायचे तर बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात. त्या मांडणीला वलांडी म्हणतात. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोड्या त्या दोरीवर टाकायच्या. उन्हा-वाऱ्यात दोन-तीन दिवसांत कडक होतात. मधेच अवकाळी सर आली की संपलं. भिजलेला बोंबील खाण्याच्या लायकीचा राहत नाही, खताला जातो. आणि सर काही विचारून येत नाही. बायका बाजारात असतात, पुरुष समुद्रात.

पोरीने काय केलं होतं, तर वलांडीच्या माथ्यावर एक ताडपत्री गुंडाळून एका दोरीने बांधली. दोन्ही कडांना काठ्या. दोरी सुटली की काठ्यांच्या वजनाने ताडपत्री दोन्ही बाजूंनी आपसूक खाली उलगडते. ती दोरी एका खटक्याला अडकवलेली, आणि तो खटका धरून ठेवायला मिठाची एक दाबलेली चकती, वर नरसाळं लावलेली. पावसाचं पाणी नरसाळ्यातून चकतीवर पडलं की मीठ विरघळतं, खटका सुटतो, ताडपत्री पडते. वीज नको, माणूस नको.

मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारून चहा टाकायला सांगितला आणि तिथेच लिहायला घेतलं.

माझी एक पद्धत होती. लिहिलेलं ज्याच्या कामाचं, त्याला वाचून दाखवायचं. त्याला मधेच ‘म्हंजे?’ असं विचारावं लागलं तर मी नापास. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी मजकूर घेऊन वलांडीवर गेलो. पोरीची सुट्टी होती. तिची आई बोंबील लावत होती. आम्ही तिला वहिनी म्हणतो. मी उभ्याने वाचत गेलो. वहिनीचा हात काही थांबला नाही, पण ती ऐकत होती. एकदाही ‘म्हंजे’ आलं नाही. शेवटी तिने मान वर केली.

“भाऊ, सगलं कललं. पन दव पडला तर?”

मी पोरीकडे पाहिलं. थंडीत आमच्या किनाऱ्यावर पहाटे दव असं पडतं की वाळत घातलेली कापडं पिळून काढावीत. त्यात खारी हवा. मीठ तर डब्यातसुद्धा पाझरतं. दवाने चकती विरघळली तर ताडपत्री नको तेव्हा पडणार, आणि झाकलेला अर्धा ओला बोंबील आत घामेजून कुजणार.

“म्हणूनच दुसरं केलंय,” ती म्हणाली आणि झोपडीतून एक प्लॅस्टिकचा पेला घेऊन आली. पेल्याच्या बुडाला सुईने पाडलेलं भोक होतं. वर नरसाळं होतंच, पण मिठाची चकती गेली होती. तिच्या जागी लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची चकती होती, तांदळाच्या खळीने थरावर थर चिकटवलेली, आणि ती पेल्यात बोटभर उंचावर, झाकणाखाली बसवली होती. तिने बाटलीतून थेंब थेंब पाणी सोडलं. ते बुडाच्या भोकातून गळून गेलं. मग तिने बाटली उपडी केली. पेला भरत गेला, पाणी कागदापर्यंत चढलं, खळ सुटली आणि खटका ‘टक’ करून निघाला. वहिनीने हातातले बोंबील खाली ठेवले.

मी म्हटलं, “अगं, हेच लिहितो ना मग!”

“नाय काका. हे पेटंटात नाय. यासाठी दुसरा अर्ज करायचाय. तो होईस्तोवर हे कोणाला सांगायचं नाय. तुमी जे प्रमाणपत्रात हाय तेवढंच लिवा.”

तिने मला सगळं समजावलं, हे मी कबूल करतो. म्हणजे मला ठाऊक नव्हतं अशी पळवाट मी ठेवत नाही. तिच्या पहिल्या अर्जावर परीक्षकाने आक्षेप घेतला होता. पाण्याने विरघळणाऱ्या वस्तूवर खटका अडवणं ही कल्पना आधीपासून माहीत आहे, बोटीवरच्या आपोआप फुगणाऱ्या जाकिटात ती असते, असं त्याचं म्हणणं. मग तिचा हक्क आखडत आखडत मिठाच्या त्या विशिष्ट चकतीपुरता आणि त्या ताडपत्रीच्या मांडणीपुरता उरला. म्हणजे पेटंट मिळालं ते दवात फसणाऱ्या यंत्राचं. खरं चालणारं ते पेल्याचं होतं, आणि त्याला अजून कसलंच संरक्षण नव्हतं. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकचे साचे करणारा एक जण तिच्याबरोबर भागीत हा पेला बनवायला तयार होता. त्याची अट एवढीच, की दुसरा अर्ज दाखल झाला की साचा करू. पामला एक छोटा गाळाही तिने बघून ठेवला होता. तारापूरच्या त्या नोकरीतून ती सुटणार होती.

मी मान हलवली. ‘तेवढंच लिहितो’ म्हणालो. आणि तेवढंच लिहिलं. पोस्टमध्ये एक अक्षर जास्त नव्हतं. शीर्षक दिलं, ‘पाऊस आला की बोंबील स्वतः झाकले जातील.’ खाली सोप्या भाषेत यंत्र, पेटंट म्हणजे काय, ‘ठरावीक वर्षं हे दुसऱ्याला तिच्या परवानगीशिवाय बनवता-विकता येणार नाही’, आणि तिचा वलांडीपुढचा फोटो.

पेजवर असा प्रतिसाद मी कधी पाहिला नव्हता. सातपाटी, डहाणू, वसई, कुठून कुठून लोक लिहायला लागले. पोरगी दर तासाला फोन करायची, “काका, बघितलं?” वहिनी गल्लीत मिरवत होती. तो एक दिवस चांगला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बोईसरला बँकेत रांगेत उभा होतो. मोबाइलवर कमेंटा वाचत होतो. एकाने लिहिलं होतं, ‘मिठाची चकती? आमच्याकडे मीठ हवेतच पाणी होतं.’ त्यावर हसण्याच्या चेहऱ्यांची रांग. दुसऱ्याने लिहिलं, ‘कॉलेजात शिकून दव विसरली वाटतं.’ मग एक बाई, नावावरून कोळीणच असावी: ‘पोरी, बोंबील कधी लावलेस का गं?’

माझं डोकं फिरलं. त्या पोरीने पाचवीपासून शाळेत जायच्या आधी बोंबील लावलेत. बोटांना काटे टोचून तिची बोटं वही धरताना दुखायची. तिला कोण विचारतंय! आणि माझं लिखाण हसण्यावारी चाललेलं, ते वेगळंच. खोटं कशाला बोलू, मला त्याचाही राग आला होता. रांगेत माझ्यापुढे दोघे उरले होते. मी अंगठ्याने टाइप केलं:

‘दवाचाही विचार तिने केलाय. पेल्याच्या बुडाला सुईएवढं भोक आहे. दव थेंबाथेंबाने येतं, ते गळून जातं. पाऊस जोराने येतो, तो साचतो. साचला की वरचा खळीचा कागद भिजतो आणि खटका सुटतो. बोला आता!’

पाठवलं आणि खिडकीपाशी गेलो. दुसरा अर्ज मला आठवत होता का? आठवत होता. पण कमेंट म्हणजे काही बातमी नव्हे, असं माझ्या मनाने धरलं होतं. पोस्ट लिहिताना मी दहा वेळा वाचतो, कमेंट म्हणजे चावडीवरची गप्पा. आणि पेटंट तर मिळालंय, प्रमाणपत्र हातात आहे, त्यावर थोडं जास्त बोललं गेलं तर काय बिघडलं, असा एक अडाणी विश्वास. वीस वर्षं बातम्या लिहिणारा माणूस मी. कमेंटमध्ये सांगितलं तरी ते जगाला सांगितलं जातं, एवढं मला कळायला हवं होतं.

हसणारे थांबले. कोळणीने लिहिलं, ‘आता समजलं. एका वाक्यात समजलं.’ त्या कमेंटला मूळ पोस्टपेक्षा जास्त अंगठे मिळाले. कोणीतरी त्या कमेंटचा फोटो काढून गटागटांत फिरवला. मी घरी येऊन बायकोला वाचून दाखवली.

तीन दिवसांनी सकाळी पोरीचा फोन आला. आवाज बारीक होता.

“काका, ती कमेंट तुमी लिवली?”

मी उत्तर द्यायच्या आधीच मला कळलं. मी ओट्यावर बसलो. “पुसतो,” म्हणालो. “आत्ता पुसतो.”

“पुसा,” ती म्हणाली. “पण मला आमच्या कारखान्यातल्या माणसाने ती दाखवली. त्याला डहाणूवरून आली.”

पालघरला एक वकीलबाई तिच्या अर्जांचं काम बघत होत्या. दुसऱ्या दिवशी मी पोरीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. मी म्हणत होतो, माझी चूक आहे, मी लिहून देतो, तिने मला बजावलं होतं, मीच विश्वासघात केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पोरीला विचारलं, “अर्ज कुठपर्यंत आला होता?”

“पुढच्या आठवड्यात तुमाला देणार होते. चित्रं बाकी होती.”

“हं.” त्यांनी चष्मा काढला. “हे बघ. अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, त्या दिवशी ती गोष्ट नवी असायला लागते. नवी म्हणजे आधी लोकांपुढे आलेली नको. कागदावर आली, मोबाइलवर आली, सगळं सारखंच. प्रदर्शनात मांडली वगैरे काही मोजक्या प्रसंगांना सूट असते, पण यात कमेंट बसत नाही.”

मी म्हटलं, “पण तिने परवानगी दिली नव्हती. मी तिच्या नकळत केलं. त्यालाही काही नियम असेल ना?”

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “असा नियम आहे, तिच्या संमतीशिवाय बाहेर आलं असेल तर. पण ते सिद्ध करायला लागेल. तुमच्याच पेजवर तिचा फोटो, तिच्या यंत्राची बातमी, त्याखाली तुमची कमेंट, आणि त्या कमेंटला...” त्यांनी मोबाइल फिरवून दाखवला. कोणीतरी काढलेला तो फोटो होता. माझ्या कमेंटच्या खाली पोरीच्या नावाने एक लाल बदाम, म्हणजे तिची पसंती, दिसत होता.

मी पोरीकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती.

“माझ्या आईने दिला,” ती म्हणाली. “मोबाइल तिच्या हातात होता. सगल्यांना बदाम देत सुटलेली.”

वकीलबाई म्हणाल्या, अर्ज करता येईल. नशीब असेल तर परीक्षकाच्या नजरेला हे येणारही नाही. पण धंदा चालायला लागला की कोणीही हा फोटो घेऊन विरोधाला उभा राहील, आणि तेव्हा आईला साक्षीला उभं करून बदाम कोणी दिला ते विचारतील. “तुझी तयारी असेल तर करू,” त्या म्हणाल्या.

पोरीने मोबाइल वकीलबाईंकडे परत सरकवला. मग म्हणाली, “आईला नको.”

बाहेर आलो. मी तिची क्षमा मागितली. रस्त्यात, चारचौघांत, हात जोडून. ती म्हणाली, “काका, असं नका करू, लोक बघतात.” साच्यावाल्याला तिने स्वतः फोन केला. तो सज्जन माणूस, रागावला नाही. म्हणाला, “बेटी, अब तो कोई भी बनाएगा, मैं साँचे में पैसा क्यों फँसाऊँ?” गाळ्याचं तिने परत नाव काढलं नाही. वहिनीला आम्ही बदामाचं सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही. तिला वाटतं सरकारने दुसरं पेटंट नाकारलं, आणि ती सरकारला शिव्या देते. मी समोर असलो तर माझ्याकडे बघून म्हणते, “भाऊ, तुमी एवडं चांगलं लिवलं तरी नाय दिलं मेल्यांनी.” मी त्या वेळी काय करतो? मान हलवतो. माझ्यासारखा भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पेज मी बंद केलं नाही, करायला हवं होतं की नाही ते ठरवता आलं नाही. वीज आणि पाणी लिहितो. कमेंटांना उत्तर देत नाही. लोक म्हणतात, काकांना गर्व झाला.

पुढच्या थंडीत मी केळव्याच्या बाजारात गेलो होतो. मच्छीमारीचं सामान विकणाऱ्या एका दुकानात दोऱ्यांच्या शेजारी पेले टांगलेले दिसले. निळे, साच्यातले, बुडाला भोक, वर नरसाळं, आत कागदाची चकती. आमच्याकडचा नव्हता, दुसऱ्याच कोणीतरी बनवलेला. चोरी म्हणता येणार नाही. कायद्याने सगळं ठीक होतं. पेल्याला एक चिठ्ठी बांधलेली होती, आणि तिच्यावर छापलं होतं: ‘दव थेंबाथेंबाने येतं, ते गळून जातं. पाऊस जोराने येतो, तो साचतो.’

एक स्वल्पविरामसुद्धा बदलला नव्हता. मी तो पेला विकत घेतला. का घेतला, मला माहीत नाही. पिशवीत टाकून माहीमला आलो तर पोरगी कारखान्याच्या गाडीतून उतरत होती. लपवायला गेलो, तेवढ्यात तिने पिशवीतून बाहेर आलेलं नरसाळं पाहिलं. हात पुढे केला. मी दिला.

तिने पेला उलटा करून भोक पाहिलं, बोट घालून चकती दाबून पाहिली. “कागद पातल वापरलाय,” ती म्हणाली. “भुरभूर आली तरी सुटंल.” मग चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली.

“काका, हे वाक्य तुमचं ना?”

“हो,” मी म्हणालो.

“मस्त हाय. याचं पेटंट नाय काढलंत?”

ती हसली, पेला माझ्या हातात दिला आणि घरात गेली. आतून वहिनीने विचारलं, “कोण गं?” पोरीने सांगितलं, “कोण नाय.” मी तो पेला हातात घेऊन तिथेच उभा राहिलो.